नाव कुणी ठेवले?

कथालेखनाच्या तासाला विद्यार्थी आपापल्या कथा वाचून दाखवतात आणि मग त्यांवर चर्चा होते. गेल्या काही वर्षांत या चर्चांमधून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. कथानक, निवेदन, भाषा यांविषयी मुले हिरिरीने बोलतात. पात्रांच्या नावांविषयी मात्र कुणी बोलत नाही. नाव म्हणजे पात्राच्या गळ्यात अडकवलेली पाटी, ती कोणतीही चालेल, असा एक समज दिसतो. याच्या उलट दुसरा समज असा, की नावातून पात्राचा स्वभाव कळलाच पाहिजे. दोन्ही समज एकाच चुकीतून येतात असे माझे मत आहे. नाव लेखकाने ठेवलेले असते हे आपण विसरू शकत नाही, आणि कथेच्या जगात ते आईबापांनी ठेवलेले असते हे आपल्याला आठवत नाही.

हा मुद्दा एका कथेच्या आधारे मांडतो. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात कोंढा नावाचे गाव आहे. शेजारच्या कोसऱ्यासह 'कोंढा-कोसरा' असे ते एका दमात उच्चारले जाते. आमच्या एका विद्यार्थ्याने या गावात घडणारी कथा लिहिली. काळ २००३चा. ऐन रोवणीच्या दिवसांत एका धानउत्पादक शेतकऱ्याच्या घरी तिघा भावांची वाटणी होते. म्हातारा बाप जिवंत आहे. पिढ्यान्‌पिढ्या या घरी राबलेल्या कुटुंबातला एक मजूर वाटणीपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो आणि तिथे कथा संपते. बांध्या, पऱ्हे, बोडीचे पाणी हे सगळे लेखकाने पाहिलेले होते आणि ते पानावर उतरलेही होते. तरीही कथा ऐकताना काहीतरी परके वाटत होते. ते परकेपण नावांत होते.

म्हाताऱ्याचे नाव होते धनराज देशमुख. त्याचे तीन मुलगे सुधाकर, प्रभाकर आणि दिवाकर. धाकट्याची नागपूरची बायको अर्चना. पंधरा वर्षांची नात संस्कृती. आणि मजुराचे नाव दगडू मेश्राम, वय चाळीसच्या पुढे.

आधी धनराज. 'तो कंजूष आहे, पैशाला चिकटलेला आहे, म्हणून धनराज,' असे लेखकाचे उत्तर होते. म्हणजे हे नाव म्हातारपणी, त्याचा स्वभाव पाहून ठेवले गेले. परंतु बारशाच्या दिवशी पाळण्यातले मूल पुढे कंजूष होणार आहे हे कुणाला ठाऊक होते? नाव ठेवले जाते तेव्हा त्या व्यक्तीला स्वभावच नसतो. त्या नावात दिसतो तो आईबापांचा स्वभाव: त्यांची श्रद्धा, त्यांची भीती, त्यांची हौस, क्वचित त्यांची निराशा. साताऱ्यात २०११ साली 'नकोशी' नावाच्या पावणेतीनशेहून अधिक मुलींची नावे जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने बदलण्यात आली, ही बातमी अनेकांना आठवत असेल. त्या मुलींच्या नावात त्या मुलींविषयी एक अक्षरही नव्हते. होते ते सगळे आईबापांविषयी.

उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीची नायिका कौतिक. 'कौतुक' या शब्दाचे हे वऱ्हाडी रूप. हिचे आयुष्य कष्टात आणि अपेक्षाभंगात जाते. नाव आणि नशीब यांतले हे अंतर वाचकाला टोचते, पण ते लेखकाने मुद्दाम साधलेले विडंबन आहे असे वाटत नाही. कारण त्या काळी, त्या भागात मुलीचे नाव कौतिक असणे अगदी स्वाभाविक होते. कुणीतरी कधीतरी या मुलीच्या जन्माचे कौतुक केले होते, एवढेच ते नाव सांगते. नावाने स्वभाव सांगू नये, नावाने स्वभावाला पार्श्वभूमी द्यावी, याचे इतके सहज उदाहरण मराठीत दुसरे चटकन सापडणार नाही.

तेव्हा पहिला हिशेब कथेच्या वर्षाचा नव्हे, तर पात्राच्या जन्मवर्षाचा करावा. आपल्या कथेतला म्हातारा २००३ साली सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, म्हणजे त्याचा जन्म १९२६चा. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या हिंदी-मराठी प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. या भागातल्या जुन्या नावांत मंगरू, सुकरू, इतवारी अशी वारांवरून ठेवलेली नावे दिसतात. त्यांपैकी 'इतवारी' हे रविवारच्या हिंदी नावावरून आले आहे, हे त्या प्रांताचेच स्मरण आहे. पुण्या-सातारच्या शेतकऱ्याचे नाव इतवारी ठेवले तर ते खटकेल. भंडाऱ्यात खटकत नाही.

'देशमुख' या आडनावाची गोष्टही अशीच. ते लेखकाने कुठून घेतले? मराठी चित्रपटांतून आणि ग्रामीण कादंबऱ्यांतून, जिथे जमीनदार म्हटला की तो पाटील, देशमुख किंवा इनामदार असतो. भंडाऱ्याकडे जमिनीची सत्ता प्रामुख्याने मालगुजाराकडे होती. मालगुजारी १९५१मध्ये संपली, तरी तिची आठवण आणि तिचा रुबाब गावांत पुढेही टिकला. देशमुख आडनावाचे कुटुंब इकडे असूच शकत नाही असे नव्हे. परंतु ते असेल तर ते इकडे कसे आले हे कथेला ठाऊक असले पाहिजे. अपवादाला कारण लागते, नेहमीच्या नावाला लागत नाही. विचारविनिमयानंतर म्हातारा झाला डोमाजी लांजेवार. 'जी' हा प्रत्यय या भागातला. 'तात्याजी', 'काकाजी' अशी रूपे विदर्भातल्या घरांत सहज ऐकू येतात, आणि नुसत्या त्या 'जी'ने वाचक नागपूरच्या पूर्वेला येऊन पोचतो. लांजेवार हे आडनाव एकाहून अधिक जातींत आढळते, त्यामुळे ते प्रदेश सांगते पण जातीची पाटी लावत नाही.

नात संस्कृती हिचा जन्म १९८८चा. शेती विकली जाते आणि संस्कृती तुटते, असा प्रतीकाचा बेत होता. परंतु १९८८ साली कोंढ्यातल्या शेतकऱ्याच्या घरी मुलीचे नाव शीतल, वैशाली, प्रीती असे काहीतरी असण्याचा संभव अधिक. शीतल नावाची मुलगी शीतल असण्याची गरज नाही. ती तापट असली तरी कुणी आक्षेप घेणार नाही, आणि या वाक्यातच सारे आले.

आता दगडू. या नावावर चर्चा झाली ती मात्र नावापुरती राहिली नाही. कथेतला मजूर बौद्ध आहे, त्याचा जन्म १९६२चा आहे, हे कथेत स्पष्ट होते. 'गरीब आहे, गावातला आहे, म्हणून दगडू,' असे लेखक म्हणाला. वर्गात मागे बसणारा एक विद्यार्थी उभा राहिला. तो म्हणाला, 'सर, माझे वडील त्याच वयाचे आहेत. त्यांचे नाव सिद्धार्थ आहे. आजोबांचे नाव दगडू होते. यांनी माझ्या वडिलांना आजोबांचे नाव दिले.' वर्ग शांत झाला. मलाही क्षणभर काही सुचले नाही, कारण पहिल्या वाचनात ते नाव मलाही खटकले नव्हते.

दगडू, धोंडू, कचरू ही नावे एकाच जातीची नव्हेत. आधीची मुले दगावली की नव्या मुलाला दृष्ट लागू नये, मृत्यूनेही त्याला टाकाऊ समजून सोडून द्यावे, या भीतीतून ती अनेक समाजांत ठेवली जात. परंतु दलित समाजात नावाचा अपमानकारक भाग केवळ भीतीतून आलेला नव्हता, तो गावाच्या व्यवस्थेतूनही लादला जात होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर या समाजाने देवळांबरोबर नावेही मागे टाकली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, आनंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, विशाखा ही नावे घराघरांत आली. नागपूरच्या इतक्या जवळच्या जिल्ह्यात, शिवाय ज्या भंडारा मतदारसंघातून बाबासाहेबांनी १९५४ची पोटनिवडणूक लढवली होती त्या जिल्ह्यात, १९६२ साली जन्मलेल्या बौद्ध मुलाचे नाव दगडू ठेवणे म्हणजे त्याच्या आईबापांनी जाणीवपूर्वक केलेली एक कृती पुसून टाकणे होय. लेखकाच्या मनात तसे काही नव्हते. पण नावे बहुधा मनात काही नसतानाच ठेवली जातात, आणि म्हणूनच ती लेखकाची नजर उघडी पाडतात.

दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनात 'दगडू' हे नाव किती भार वाहते हे वाचकांना माहीत आहे. लेखक म्हणून ओळखला जाणारा दया पवार आणि त्याच्याच आतला दगडू मारुती पवार यांच्या भेटीतून ते पुस्तक उभे राहते. दोन नावांमधल्या अंतरात एक आयुष्य आहे. ते अंतर ठाऊक असलेल्या वाचकासमोर निव्वळ 'ग्रामीण रंग' म्हणून दगडू हे नाव वापरणे धाडसाचे आहे.

दुरुस्ती त्या दुसऱ्या विद्यार्थ्यानेच सुचवली. मजुराचे नाव गौतम, त्याच्या बापाचे नाव दगडू. मराठी माणूस पूर्ण नाव सांगताना स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव सांगतो. म्हणजे आपले पूर्ण नाव हा दोन पिढ्यांचा दस्तऐवजच असतो. 'गौतम दगडू मेश्राम' या तीन शब्दांतल्या पहिल्या दोहोंच्या मध्ये १९५६ साल आहे. तिसऱ्या शब्दाने जात सिद्ध होत नाही, कारण मेश्राम हे आडनाव बौद्धांत आहे तसे गोंडांतही आहे. सारे काही पहिल्या दोन शब्दांत आहे. कथेत डोमाजी त्याला चाळीस वर्षे 'दगडूचा पोरगा' म्हणत आला आहे. शेवटी वाटणीपत्रावर साक्षीदाराची सही करताना तो सावकाश पूर्ण नाव लिहितो. आधीच्या मसुद्यात ही सही म्हणजे केवळ कथानकाचा शेवट होता. आता ती कथेचा अर्थ झाली. लेखकाला एकही जादा वाक्य लिहावे लागले नाही.

इथून स्वभावाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. स्वभाव, वर्ग आणि नाते दाखवण्याची जागा ठेवलेल्या नावात नसून हाकेत असते. ठेवलेले नाव एकदाच ठरते, हाक मात्र रोज ठरते, आणि ती कोण कुणाला मारतो यावर ठरते. पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा हा अनंत असणार हे उघड आहे, पण त्या नावाने आपण त्याला ओळखत नाही. 'बर्वे'चे 'बर्वा' करणारी रत्नागिरीची जीभ आणि 'अंतूशेट' या हाकेतला आदर व थट्टा यांचे मिश्रण, यांतून तो उभा राहतो. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) घरातली मोठी सून 'वहिनी' या नात्याच्या नावानेच वावरते. तिला नावाने हाक मारणारे कुणी उरलेले नाही, हे नाटककार सांगत नाही, आपल्यालाच जाणवते. त्याच घरातली तात्याजी, भास्कर, पराग ही तीन पिढ्यांची नावे शेजारी ठेवून पाहावीत. वाडा कसा बदलत गेला हे नुसत्या नावांवरूनही सांगता येते.

वाचकाचा गोंधळ होऊ नये ही अटही याच वाटेने पुरी होते. सुधाकर, प्रभाकर, दिवाकर ही भावांची नावे अगदी खरी आहेत. पन्नास-साठच्या दशकांत यमक जुळवून मुलांची नावे ठेवणारी घरे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. परंतु तिघे एकाच ओळीत बोलू लागले की वाचक कोण कोण हे शोधत बसतो. खरेपणासाठी गोंधळ पत्करावा, की सोयीसाठी एकाचे नाव बदलून विक्रम करावे? दोन्हीची गरज नाही. कागदावर, म्हणजे वाटणीपत्रात, तिघांची नावे तशीच राहू द्यावीत. निवेदनात थोरला सुधाकर, मधला परभू आणि शाळामास्तर झालेला धाकटा गुरुजी. आता तिघे वेगळे ऐकू येतात. शिवाय परभूला घरात कुणी कधी पूर्ण नावाने बोलावले नाही आणि धाकट्याचे नाव त्याच्या नोकरीने गिळले, हेही कळते. पथ्य एकच पाळावे. संवादांत पात्राला चार जण चार नावांनी हाक मारोत, निवेदकाने मात्र एकच नाव धरावे. निवेदक एका परिच्छेदात 'प्रभाकर' आणि दुसऱ्यात 'परभू' म्हणू लागला की वाचक चौथा भाऊ शोधू लागतो.

मराठीत आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजी लेखनविषयक पुस्तकांत सापडणार नाही. आपल्याकडे नावाला विभक्ती लागते. 'किसन' आणि 'किसना' ही दोन पात्रे यादीत वेगळी दिसतात. पण ग्रामीण बोलीत 'किसनाला', 'किसनाने' ही रूपे दोघांचीही तीच होतात. त्यामुळे नावांची यादी वाचून पाहू नये, ती 'ला', 'ने', 'चा' लावून वाचावी. कमल, सुमन, किरण यांसारखी स्त्रीपुरुष दोघांनाही चालणारी नावे असतील, तर पहिल्या उल्लेखाच्या वाक्यातच लिंग दाखवणारे क्रियापद यावे.

नाव त्या मातीतल्या जिभेवरही ठेवून पाहावे. झाडीबोलीत ण, श, ष, ळ हे उच्चार राहत नाहीत. गणपतचा गनपत होतो, शंकरचा संकर, आणि डोळ्याचा डोरा. तेव्हा 'शीतल' हे नाव आजीच्या तोंडी 'सीतल' होणार. हा बदल संवादापुरता ठेवावा आणि तोही त्याच बोलणाऱ्याच्या तोंडी. निवेदनात तो आला की बोलीचे चित्रण न राहता थट्टा होते.

विद्यार्थी विचारतात, जन्मवर्षाप्रमाणे नावे शोधायची कुठे? सर्वांत सोपे साधन म्हणजे मतदार यादी. तीत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि वय शेजारी शेजारी असतात. एका गावाची यादी वयानुसार चाळली की कोणते नाव कधी आले आणि कधी मावळले ते दिसू लागते. त्याहून मागे जायचे असेल तर विदर्भातील गावांच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना कोतवाल बुक म्हणतात, त्या पाहाव्यात. शाळेच्या दाखल-खारीज नोंदींवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. पुष्कळदा गुरुजींनी अंदाजाने जन्मतारीख लिहिलेली असते, आणि घरचे नाव आपल्या मते शुद्ध करून घेतलेले असते. यादीतून सबंध नाव उचलू नये. नाव एका ओळीतले घ्यावे, आडनाव दुसरीकडचे, आणि तयार झालेले पूर्ण नाव त्या गावात खरोखर कुणाचे नाही ना हे पुन्हा तपासावे. कोंढ्यासारख्या गावात कथा पोचते, आणि तिच्यातला कंजूष म्हातारा कोण हे लोक शोधतातच.

या पद्धतीलाही मर्यादा आहे, हे सांगितले पाहिजे. प्रत्येक नाव काळाचा नमुना म्हणून निवडले तर कथा पुराणवस्तुसंग्रहालयासारखी दिसू लागते. खऱ्या घरात काही नावे काळाच्या मागे असतात, कारण ती आजीची असतात. काही पुढे असतात, कारण मुंबईच्या मामाने सुचवलेली असतात. आणि लक्ष्मी, राम यांसारखी काही कुठल्याच काळाची नसतात. दोन-तीन नावांनी काळ-प्रदेश पक्का केला की बाकीच्यांना मोकळे सोडावे.

असो. त्या कथेतला म्हातारा आता डोमाजी आहे, आणि तो पूर्वीइतकाच कंजूष आहे. उलट तो अधिक कंजूष वाटतो, कारण ते आता नाव सांगत नाही, त्याला स्वतःलाच वागून दाखवावे लागते. मी मात्र तेव्हापासून कथा वाचताना पात्राच्या नावाशी थांबतो आणि विचारतो, हे नाव कुणी ठेवले? उत्तरात लेखकाचेच नाव आले, तर ती कथा परत करतो.